बायोप्सीत कॅन्सर नाही, तरी ऑपरेशन सांगितलंय. डॉक्टरांचं पत्र वाचून मत द्याल का?

मृण्मयी_गोरेगाव

नमस्कार मंडळी. मी ४७ वर्षांची. यंदाच्या मॅमोग्राफीत डाव्या बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसले. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही, काहीच नाही. बायोप्सी झाली. रिपोर्टवर ‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’ वाचलं आणि नवऱ्याने येतायेता पेढे आणले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले. खालच्या ओळीत ‘अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया’ असं होतं, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

मग सर्जननी हे पत्र दिलं. घरच्यांना वाचून दाखवता यावं म्हणून मराठीत लिहा, अशी मीच विनंती केली होती. त्यांची परवानगी घेऊन, नावं काढून इथे टाकतेय. घरात आता दोन तट पडलेत. नवरा म्हणतो करून टाक, सासूबाई म्हणतात कॅन्सर नाही तर अंगाला सुरी कशाला लावून घ्यायची. माझं मलाच कळेनासं झालंय.

पत्र असं:

*सौ. मृण्मयीताई, नमस्कार.*

*तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे. काढलेल्या तुकड्यांत कॅन्सर सापडलेला नाही, हे आधी सांगतो. पण रिपोर्ट पूर्णपणे साधाही नाही, आणि ही गोष्ट फोनवर दोन वाक्यांत सांगितली तर अर्धवट राहील, म्हणून लिहितो आहे.*

*तुमच्या डाव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात साधारण १२ मिलिमीटर जागेत चुन्याचे बारीक कण दिसले होते. ते कसे पसरले आहेत आणि त्यांचा आकार कसा आहे हे पाहून रेडिऑलॉजिस्टनी ‘बायरॅड्स ४बी’ असा शेरा दिला. म्हणजे तुकडा काढून पाहिल्याशिवाय सोडू नये असे. त्याप्रमाणे व्हॅक्युमच्या सुईने आठ तुकडे घेतले. त्यांचा लगेच एक्स-रे काढला, तेव्हा तीन तुकड्यांत ते कण दिसले. सुई योग्य जागी गेली होती याची ही खात्री. जागेची खूण म्हणून आत धातूची अगदी बारीक क्लिप ठेवली आहे. ती जाणवणार नाही.*

*पॅथॉलॉजिस्टना दोन ठिकाणी दुधाच्या नलिकेच्या आतल्या पेशी जास्त वाढलेल्या आणि एका छापाच्या दिसल्या. यालाच अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया, थोडक्यात एडीएच म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. यासाठी केमोथेरपी किंवा रेडिएशन लागत नाही.*

*तरीही पुढे जायला सांगतो त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की सुईने आपण त्या जागेचा नमुना घेतला, ती जागा पूर्ण काढली नाही. बायोप्सीनंतरच्या मॅमोग्राफीत बरेच कण अजून तिथेच आहेत. सुईच्या बायोप्सीत एडीएच निघाल्यावर ती जागा पूर्ण काढून तपासली, तर शंभरातल्या साधारण १० ते ३० जणींमध्ये शेजारीच अगदी सुरुवातीचा कॅन्सर सापडतो. बाकीच्या बहुसंख्य जणींमध्ये सापडत नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आजच्या कागदांवरून मी सांगू शकत नाही, आणि अंदाजाने सांगणार नाही.*

*दुसरे कारण पुढच्या वर्षांचे आहे. एडीएच असलेल्या स्त्रीला पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि ती दोन्ही बाजूंना असते. म्हणून ही जागा काढल्यावरही दरवर्षी मॅमोग्राफी आणि मधल्या काळात एकदा हाताने तपासणी, हे चालू ठेवावे लागेल.*

*माझा सल्ला असा, की येत्या चार ते सहा आठवड्यांत ती जागा काढून घ्यावी. गाठ हाताला लागत नसल्याने सकाळी मॅमोग्राफीच्या मदतीने क्लिपपर्यंत एक बारीक वायर घालतात आणि तिच्या आधाराने मी तेवढाच भाग काढतो. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येते. ही धावपळीची वेळ नाही. घरातले कार्य असेल तर ते उरकून घ्या, पण तारीख ठरवूनच जा.*

*तोपर्यंत पाळीच्या तक्रारींसाठी हार्मोनची गोळी कोणी सुचवली तर मला विचारल्याशिवाय घेऊ नका. सुईची जागा लाल झाली, सूज वाढत गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी फोन करा. पुढच्या भेटीला मॅमोग्राफीच्या सगळ्या फिल्म, जुन्यासुद्धा, आणि घरातले कोणीतरी सोबत आणा.*

संजय_ठाणे

ताई, घाबरू नका. हा स्टेज झिरो आहे. माझ्या मेहुणीला डिट्टो असंच होतं, ठिपके, सुई, सगळं. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, आज ठणठणीत आहे. तुम्हालाही रेडिएशन देतील, पण त्रास होत नाही फारसा.

कुंदा_दादर

मृण्मयी, माझ्या बाबतीतही हेच झालं होतं गं. उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ, हाताला गोटीसारखी सरकायची. डॉक्टर म्हणाले फायब्रोअ‍ॅडिनोमा, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहा. मी काही काढून घेतली नाही, आणि ती आहे तेवढीच आहे. उगाच सुरी लावून घेऊ नकोस. आमच्या आई म्हणायच्या, सुई लावली की ते पसरतं.

स्लाईडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट. निवृत्त झाले, पण आयुष्य परळच्या आसपास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं. आधी सांगते, पत्र फार चांगलं लिहिलंय. ‘अंदाजाने सांगणार नाही’ हे लिहायला धीर लागतो.

संजय, मेहुणी बरी आहे हे वाचून बरं वाटलं, पण तिचं आणि हिचं एक नाही. स्टेज झिरो म्हणतात तो डीसीआयएस. तो नलिकेच्या आतच असतो, पण त्याला कॅन्सर समजूनच उपचार करतात, म्हणून तिला रेडिएशन दिलं. हिच्या कागदावर डीसीआयएस नाही. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण काचेखाली एडीएच आणि सौम्य डीसीआयएस अगदी सख्खे शेजारी दिसतात. पेशी तशाच, एकसारख्या, मधे गोल गोल भोकं पडलेल्या. आम्ही फरक करतो तो मुख्यतः पसाऱ्यावरून. असा बदल किमान दोन पूर्ण नलिकांत भरलेला असेल किंवा २ मिलिमीटरच्या वर असेल तर डीसीआयएस, त्याहून कमी असेल तर एडीएच.

आता विचार कर. सुईचा तुकडा शेवयासारखा बारीक. त्यात मला दीड मिलिमीटर दिसलं, तर मी एडीएचच लिहिणार. पण ती नलिका तुकड्याच्या कडेला कापली गेलीय आणि पुढचं स्तनातच राहिलंय, असंही असू शकतं. मी माझ्यापुढे जे आहे त्यावरच लिहू शकते. सर्जन ‘जागा पूर्ण काढू’ म्हणतात ते याचसाठी. उपचारापेक्षा ते अर्धं राहिलेलं निदान पूर्ण करणं आहे.

कुंदाताई, तुमची फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ वेगळ्या जातीची. तिथे सुईत जे येतं तेच सबंध गाठीत असतं, आणि सोनोग्राफीतलं चित्र त्याच्याशी जुळलं की न काढता लक्ष ठेवणं योग्यच. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. सुईने पसरतं ही भीती मात्र मनातून काढा. त्या भीतीपायी बायका तपासणीच टाळतात आणि मग उशिरा येतात.

मृण्मयी_गोरेगाव

स्लाईडवाली ताई, तुमचं हे सासूबाईंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ‘निदान पूर्ण करणं’ त्यांना पटलं असं वाटतंय, निदान गप्प तरी झाल्या.

एक विचारायचं राहिलं. ते चुन्याचे कण म्हणजे कॅल्शियमच ना? मी दोन वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या घेतेय. बंद करू का? आणि माझी एक आत्या स्तनाच्या कॅन्सरने गेली, साठीत. ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही, त्यांनी आई आणि बहिणीबद्दलच विचारलं होतं.

स्लाईडवाली

गोळ्यांचा काही संबंध नाही. ते कण तिथल्या पेशींच्या उलाढालीतून जागच्या जागी साचतात. दूध, नाचणी, गोळ्या, कशाने ते वाढत नाहीत आणि बंद केल्याने विरघळतही नाहीत. हाडांसाठी सांगितल्या असतील तर चालू ठेव.

आत्याचं मात्र नक्की सांग. वडिलांकडचं नातंही धरतात. कोणत्या वयात झाला, एका बाजूला की दोन्हीकडे, त्या घरात अंडाशयाचा कॅन्सर कुणाला होता का, हे काकांना किंवा चुलत भावंडांना विचारून कागदावर लिहून ने. साठीतली एकच आत्या असेल तर फार मोठा फरक पडायचा नाही, पण तो हिशेब डॉक्टरांना करू दे.

अभिजित_पार्ले

माझं मत वेगळं आहे. माझ्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी हेच निदान झालं, एडीएच. आम्ही दोन ठिकाणी विचारलं. एका सर्जननी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी सांगितलं की सहा महिन्यांनी मॅमोग्राफी करा, काढायची गरज नाही. आम्ही दुसऱ्यांचं ऐकलं आणि आजपर्यंत सगळं ठीक आहे. त्यामुळे ‘एडीएच म्हणजे ऑपरेशन’ हे सरसकट समीकरण मला पटत नाही. हल्ली जिथे तिथे कापाकापी.

स्लाईडवाली

सरसकट नाहीच, त्यात तुमच्याशी सहमत. तुमच्या पत्नीच्या बायोप्सीनंतरच्या मॅमोग्राफीत कण उरले होते का? तेवढं सांगाल?

अभिजित_पार्ले

फाईल काढून पाहिली. ‘टार्गेटेड कॅल्सिफिकेशन्स कम्प्लीटली रिमूव्ड’ असं लिहिलंय. आणि ‘सिंगल फोकस’.

स्लाईडवाली

तिथेच फरक आहे. जाड व्हॅक्युम सुईने दिसणारे सगळे कण निघून आले, बदल एकाच ठिकाणी आणि छोटा होता, पेशी फार बिघडलेल्या नव्हत्या, आणि चित्र व स्लाईड एकमेकांशी जुळत होत्या, तर शेजारी काही लपलेलं असण्याची शक्यता बरीच खाली येते. अशा निवडक जणींना नुसतं लक्ष ठेवायचा पर्याय देतात. सगळे सर्जन देत नाहीत, त्यावर आजही दुमत आहे. मृण्मयीच्या बाबतीत दोन ठिकाणी बदल आहे आणि बरेच कण आतच राहिलेत. तिच्या जागी मी असते तर काढून घेतलं असतं.

मृण्मयी, मन अजून डळमळत असेल तर ऑपरेशनआधी स्लाईड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवून घे. यात कुणाचा अपमान नाही. एडीएच हा आमच्या क्षेत्रातला सर्वांत निसरडा भाग. अमेरिकेत ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सीच्या स्लाईड देऊन त्यांची निदानं तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिली होती. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. नलिकेबाहेर गेलेल्या कॅन्सरमध्ये ९६ टक्के वेळा निदान जुळलं, पण अशा अटिपियामध्ये ४८ टक्केच. कुणी त्याच स्लाईडला साधी वाढ म्हणालं, कुणी डीसीआयएस. हे वाचून घाबरू नकोस, पण दुसरी नजर का हवी ते त्यात आहे.

रेवती_बोरिवली

स्लाईड मागायच्या कशा? आम्ही माझ्या आईच्या वेळी लॅबमध्ये गेलो तर काउंटरवरच्या मुलाने रिपोर्टची झेरॉक्स हातात ठेवली.

स्लाईडवाली

झेरॉक्स उपयोगाची नाही. मागायचे ते ‘स्लाईड्स आणि ब्लॉक’. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तो तुकडा, प्लॅस्टिकच्या छोट्या चौकोनी डबीत असतो आणि त्यावर नंबर असतो. तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून ताडून पाहा. लॅबला साधा अर्ज द्यायचा, सोबत ओळखपत्र. सही घेऊन देतात, आणि काम झालं की परत नेऊन द्यायचे असतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही बाहेरच्या स्लाईड तपासून मत देतात.

दुसरं म्हणजे ब्लॉक उन्हात सोडू नका. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले ब्लॉक मऊ पडून माझ्याकडे आलेत. स्लाईड काचेच्या असतात, त्या प्लॅस्टिकच्या स्लाईड बॉक्समध्ये मागून घ्या. रुमालात गुंडाळून लोकलच्या गर्दीत नेल्या तर फुटतात.

संजय_ठाणे

ताई, माझी माहिती अर्धीच होती हे कळलं. मेहुणीची फाईल पाहिली, तिथे डीसीआयएसच लिहिलंय. पण मेडिक्लेमचं एक सांगतो, ते अनुभवाचं आहे. तिच्या पहिल्या बायोप्सीत एडीएचच आलं होतं, डीसीआयएस ऑपरेशननंतर कळलं. ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीने कॅशलेसला अडवलं. विचारणा आली की रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही तर ही शस्त्रक्रिया कशासाठी? आणि २४ तास अ‍ॅडमिट नाही, मग डे-केअरमध्ये बसते का? सर्जननी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, बायोप्सीत काय आलं, कण उरलेत, निदान पूर्ण होण्यासाठी काढणं गरजेचं आहे, असं. त्यानंतर मंजूर झालं. ते पत्र आधीच घेऊन ठेवा. तुमच्याकडचं मराठी पत्र तिथे चालेल असं वाटत नाही, इंग्रजीत हॉस्पिटलच्या लेटरहेडवर मागा.

मृण्मयी_गोरेगाव

संजयदादा, हे फार कामाचं सांगितलंत. आजच हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कला विचारते.

रेवती_बोरिवली

मी वाचलंय की एडीएचला टॅमॉक्सिफेन देतात. पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ते का सांगितलं नाही?

स्लाईडवाली

कारण अजून निदान पूर्ण नाही. ऑपरेशनच्या तुकड्यात दुसरं काही निघालं तर सगळा बेतच बदलतो. आत्ता गोळीबद्दल बोलणं घाईचं होईल.

गोळीने पुढचा धोका कमी होतो, हे खरं. पूर्वी २० मिलिग्रॅम रोज, पाच वर्षं असा डोस होता. गरम वाफा, गर्भाशयाच्या अस्तराचा त्रास आणि क्वचित रक्ताच्या गुठळ्या, यामुळे अनेक जणी मधेच सोडत. मग इटलीत ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं असा प्रयोग झाला, त्यातही धोका निम्म्याच्या आसपास उतरला. पण घ्यायची की नाही हे मी इथून सांगणार नाही. पायात कधी गुठळी झालीय का, पाळी चालू आहे का, धोका मुळात किती, हे सगळं त्यात येतं. एडीएचनंतर वर्षाला साधारण एक टक्का असा जो धोका सांगतात, तो अमेरिकेतल्या बायकांवरून काढलेला आहे. आपल्याकडे हा आजार मुळातच तितका होत नाही, तेव्हा तो आकडा इथे जसाच्या तसा लावावा का, याबद्दल मला स्वतःला शंका आहे.

अभिजित_पार्ले

माझ्या पत्नीला हे कुणी सांगितलंच नव्हतं, गोळीचंही नाही आणि दोन्ही बाजूंच्या धोक्याचंही नाही. सहा महिन्यांची मॅमोग्राफी झाली, नंतर कोविड, नंतर मुलाची दहावी. गेल्या वर्षीची राहिलीच. उद्या अपॉइंटमेंट घेतो.

स्लाईडवाली

घ्याच. जुन्या फिल्म सोबत न्या, रेडिऑलॉजिस्टला नवे कण आणि जुने कण ओळखायला त्याच लागतात. न काढता लक्ष ठेवायचं ठरवलं तर ते लक्ष हाच उपचार असतो, तो चुकला तर काही उरत नाही.

मृण्मयी_गोरेगाव

मंडळी, पुढचं सांगते. स्लाईड दुसरीकडे दाखवल्या, त्यांनीही एडीएचच म्हटलं. ऑपरेशन झालं. वायर घालताना भूल दिलेली होती तरी दाब जाणवला, मशिनमध्ये स्तन दाबून हलायचं नाही हेच जास्त अवघड गेलं. संध्याकाळी घरी आले. सर्जननी काढलेल्या भागाचा एक्स-रे दाखवला, त्यात क्लिप आणि सगळे कण स्पष्ट दिसत होते.

आज रिपोर्ट आला. डीसीआयएस नाही, कॅन्सर नाही, एडीएच अजून तीन ठिकाणी. पण शेवटी लिहिलंय, ‘एडीएच प्रेझेंट अ‍ॅट द मार्जिन’. म्हणजे कडेला राहिलंय. पुन्हा कापावं लागणार का? सर्जन सोमवारी भेटणार आहेत, तोवर झोप लागायची नाही.

स्लाईडवाली

झोप बिनधास्त. कड स्वच्छ लागते ती डीसीआयएस किंवा कॅन्सरला. एडीएच कडेला आहे एवढ्यासाठी सहसा पुन्हा ऑपरेशन करत नाहीत. बरेच पॅथॉलॉजिस्ट तर एडीएचसाठी कडेचा शेरा लिहीतही नाहीत, कारण त्यावरून पुढचं काही बदलत नाही. वाचणारा मात्र घाबरतो.

सोमवारी विचारायचं ते दुसरंच. काढलेला भाग पूर्ण तपासला की त्यातले निवडक तुकडेच? क्लिप आणि कण पॅथॉलॉजिस्टना सापडले असं रिपोर्टमध्ये लिहिलंय का? आणि पुढची पहिली मॅमोग्राफी कधी? ऑपरेशनच्या व्रणामुळे चित्र बदलतं, म्हणून साधारण सहा महिन्यांनी एक नवी फिल्म काढून घेतात, पुढच्या तुलनेसाठी. गोळीचा विषयही तेव्हाच काढ, आत्याच्या कागदासकट.

मृण्मयी_गोरेगाव

क्लिप सापडल्याचं लिहिलंय. निवडक की पूर्ण ते कुठे दिसत नाही, सोमवारी विचारते. आत्याचं काकांकडून कळलं, ६३ व्या वर्षी, एकाच बाजूला. गोळीबद्दल मात्र माझं अजून ठरत नाहीये. पाळी चालू आहे, आणि गरम वाफा आत्ताच सुरू झाल्यात. इथे कुणी ५ मिलिग्रॅमची घेतली असेल तर कृपया लिहा.